‘तो इलो’ की ‘तो इला’? मालवणी संवादांतली माणसे आणि सोंगे

गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’चे मूळ नाव ‘आज काय नाटक होवचा नाय’ असे होते. नाटक १९८० साली रंगमंचावर आले, मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने ते घराघरांत पोचवले, प्रयोगांनी पाच हजारांचा आकडा ओलांडला. या साऱ्यावर भरपूर लिहून झाले आहे. मला इथे फक्त त्या मूळ नावापुरते थांबायचे आहे, कारण मालवणी संवाद लिहिताना जे चुकते त्यातले निम्मे त्या पाच शब्दांत बरोबर लिहिलेले सापडते.

‘होवचा नाय’ म्हणजे ‘होणार नाही’. आता ‘होवचा’ का? ‘होवचो’ का नाही, ‘होवची’ का नाही? कारण नाटक नपुंसकलिंगी आहे, आणि मालवणीत नपुंसकलिंगाचा प्रत्यय ‘आ’ आहे. प्रमाण मराठीतला ‘आ’ पुरुषाचा: तो आला, मोठा माणूस. मालवणीत पुरुषाला ‘ओ’ लागतो: तो इलो, मोठो माणूस. बाईला दोन्हीकडे ‘ई’: ती इली, मोठी बाय. आणि प्रमाण मराठीत जिथे ‘ते आले’ किंवा ‘ते आलं’ म्हणतात तिथे मालवणी ‘ता इला’ म्हणते. मोठा घर, गोरा चेडू, थंड पाणी पिला. म्हणजे ‘आ’ हा एकच स्वर दोन भाषांत दोन वेगळ्या लिंगांचे काम करतो आहे.

पुण्या-मुंबईकडच्या लेखकाचा पाय इथेच घसरतो. त्याला ‘इला’ हा शब्द ठाऊक असतो. ‘आला’च्या जागी ‘इला’ ठेवले की झाली मालवणी, असा त्याचा हिशेब असतो. मग त्याच्या कथेत ‘तुझा बापूस इला’, ‘तो मोठा माणूस झाला’ अशी वाक्ये येतात. पुण्यातल्या वाचकाला ती अस्सल वाटतात. विजयदुर्गात ती वाचून दाखवली तर ऐकणारा हसतो, कारण त्याच्या कानाला तो बाप नपुंसकलिंगी झालेला असतो. प्रमाण मराठीत कोणी ‘माझे वडील आलं’ असे लिहिले तर जे वाटेल, नेमके तेच.

उलट बाजूचीही एक चूक आहे. ‘पुरुषाला ओ’ हा नियम कळला की लेखक तो सगळीकडे लावत सुटतो आणि ‘तो बाजारात जातो’ असे लिहून टाकतो. पण वर्तमानकाळात मालवणी लिंग दाखवतच नाही. तो जाता, ती जाता, ता जाता. अनेक असतील तर जातत. म्हणजे ‘तो इलो’ बरोबर, आणि ‘तो जाता’ हेही बरोबर. भविष्यकाळात लिंग पुन्हा परत येते: तो जातलो, ती जातली, ता जातला. ‘मी’साठी मात्र बाई बोलो की बुवा, जातंय, गेलंय, जातलंय. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली तेव्हा त्यातल्या पांडूचे ‘इसारलंय’ महाराष्ट्रभर गाजले. ‘इसारलंय’ म्हणजे ‘मी विसरलो’. त्या ‘लंय’मध्ये ‘मी’ बसलेला आहे. पण पुढे लोकांनी तो शब्द सुटा उचलला, आणि ‘तो इसारलंय’, ‘तुम्ही इसारलंय का’ असे छापलेलेही मी वाचले. शब्द गाजला आणि त्यातला माणूस गळून पडला.

नकाराचे तर वेगळेच गणित आहे. ‘तो आला नाही’ म्हणजे ‘तो येवक नाय’. ‘तो येणार नाही’ म्हणजे ‘तो येवचो नाय’. ‘इलो नाय’ किंवा ‘येतलो नाय’ असे लिहिले की ते प्रमाण मराठीतून शब्दाला शब्द ठेवून आणलेले आहे हे लगेच कळते. त्यातही ‘माका जावचा नाय’ आणि ‘मी जावचंय नाय’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात बोलणाऱ्याला जायचे नाही, त्याची इच्छा नाही. मन वळवायला जागा आहे. दुसऱ्यात तो जाणार नाही, विषय संपला. नाट्यलेखकाला याहून जास्त काय हवे असते? पण बहुतेक संवादांत ही दोन रूपे कोणत्याही क्रमाने टाकलेली दिसतात.

हे सगळे व्याकरण कुठे शिकायचे, असे कोणी विचारले तर मी दोन जुन्या कामांकडे बोट दाखवतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ सालचा. त्यात कुडाळी या नावाखाली आपली बोली आहे. आणि डॉ. अ. मा. घाटगे यांचे कुडाळीवरचे सर्वेक्षण १९६५ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढले. माझे शिक्षण भाषाशास्त्राचे नाही, त्यामुळे घाटग्यांचे पुस्तक मला तीनदा वाचावे लागले. पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ग्रिअर्सनने देशभरच्या बोलींचे नमुने घेताना सर्वांना एकच गोष्ट भाषांतर करायला दिली होती, बायबलातल्या उधळ्या मुलाची. म्हणून त्या नमुन्यांतून प्रत्यय कळतात, बोलणे कळत नाही. भाषांतर करून देणारा माणूस एका इयत्तेत, एका आवाजात सगळी गोष्ट सांगतो. बाप मुलाशी कसा बोलतो, तोच बाप सरकारी माणसाशी कसा बोलतो, हे सर्वेक्षणात येत नाही. आणि कथा-नाटकात नेमके तेच लागते.

व्याकरणाच्या अलीकडे एक लेखनाचा प्रश्न आहे, आणि तो मला जास्त बोचतो. ‘नाय’ हा शब्द घ्या. खेडूत पात्र ‘नाय’ म्हणते आणि शहरी पात्र ‘नाही’ म्हणते, असे शंभरातल्या नव्वद कथांत छापलेले असते. पण ‘नाही’मधला ‘ह’ बोलताना पुरा उच्चारणारा माणूस कुठल्या शहरात राहतो? पुण्यातला प्राध्यापक घरी ‘नाई’ किंवा ‘नै’च म्हणतो. त्याचे मात्र आपण शुद्धलेखन लिहितो, आणि म्हातारीचा उच्चार लिहितो. एकाच पानावर दोन पात्रे, आणि एकाचाच उच्चार चिमटीत धरून दाखवलेला. वाचकाच्या मनात त्याचा परिणाम इतकाच होतो की एक माणूस नीट बोलतो आणि दुसऱ्याला नीट बोलता येत नाही. ‘म्हंजे’, ‘तुमी’, ‘आमी’, ‘पन’ हीही अशीच उदाहरणे. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी पात्रांच्या तोंडी ‘केलं’, ‘सांगितलं’ अशी बोलण्यातली रूपे लिहायला मोकळीक दिलेली आहे. ती सर्वांसाठी आहे. लेखकाने उच्चार लिहायचा असेल तर प्राध्यापकाचाही लिहावा. नसेल तर म्हातारीच्या बोलीतले जे खरोखर वेगळे आहे, म्हणजे ‘इलो’, ‘जातलंय’, ‘येवक नाय’, तेवढेच लिहावे आणि उगाच अक्षरे मोडू नयेत.

आता एक प्रसंग रचून पाहू. विजयदुर्गातली एक म्हातारी, गाबीत समाजातली. मुलगा पंचेचाळिशीचा, मुंबईत नोकरीला, मे महिन्यात आलेला. त्याचा मुलगा डोंबिवलीत वाढलेला, आठवी-नववीतला. हापूसच्या कलमांचा एक तुकडा विकून म्हातारीला मुंबईला न्यावे असे मुलाच्या मनात आहे. कागदपत्रांसाठी तलाठी घरी आला आहे, तो सांगलीकडचा. ग्रामीण, शहरी, वृद्ध, सगळे एका ओसरीवर. नेहमीच्या पद्धतीने हा प्रसंग लिहिला तर म्हातारीच्या तोंडी साधारण असे येईल:

‘अरे मेल्या, तो तुझा बाप इला नि माका म्हणता मुंबैक चल. खंय ता मुंबई! आवशीचो घो तुझ्या मुंबईचा! हयसर माझा माड आसा, माझा पोफळी आसा, माझा समुद्र आसा. मी जातलंय नाय!’

प्रत्ययांच्या चुका आधी काढू. ‘तुझा बाप इला’ नव्हे, ‘तुझो बापूस इलो’. मुंबई स्त्रीलिंगी, तिला ‘ता’ कसे? माड पुल्लिंगी आणि एकाहून जास्त, म्हणून ‘माझे माड आसत’. पोफळी स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून ‘माझ्यो पोफळी’. शेवटी ‘जातलंय नाय’ नव्हे, ‘जावचंय नाय’. ‘मुंबईचा’ हे तर ‘घो’ला जोडलेले आहे, म्हणजे ‘मुंबयचो’. पाच ओळींत सहा-सात चुका. पण हे सगळे दुरुस्त करूनही ते बोलणे खोटेच राहते, आणि खरा अभ्यास इथून पुढे आहे.

पहिली गोष्ट, ‘खंय’. मालवणीत ‘खंय’ म्हणजे ‘कुठे’. मिठासारखा कुठेही टाकायचा तो शब्द नाही. दुसरी गोष्ट, शिवी. आमच्याकडे शिव्या आहेत, भरपूर आहेत, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण त्यांना नातेसंबंधांची कडक शिस्त आहे. आजी नातवाला ‘मेल्या’ म्हणते तेव्हा त्यात लाडच असतो. तोच शब्द ती व्याह्यासमोर, जावयासमोर किंवा तलाठ्यासमोर तोंडातून काढणार नाही. तलाठी ओसरीवर बसलेला असताना ‘आवशीचो घो’ म्हणणारी म्हातारी मी तरी पाहिलेली नाही. तिसरी गोष्ट, ती यादी. माझे माड, माझ्या पोफळी, माझा समुद्र. गाबितीण समुद्राला ‘माझा’ म्हणत असेल तर ती पर्यटन महामंडळाच्या जाहिरातीत काम करते आहे. घरातल्या माणसांसमोर कोणी आपल्या परसाची यादी वाचत नाही. ती त्यांना दिसतेच आहे. यादी वाचकासाठी आहे. जिथे पात्र वाचकाशी बोलू लागते तिथे बोली कितीही अचूक असो, सोंग सुरू होते.

आणि चौथी, सगळ्यांत मोठी चूक अशी की ही म्हातारी सगळ्यांशी एकच भाषा बोलते. खरी म्हातारी तसे करत नाही. ओसरीवर चार माणसे असतील तर तिची चार बोलणी असतात. मी तोच प्रसंग असा लिहीन.

सकाळी कुंपणापलीकडच्या शेजारणीला ती सांगते: ‘झील इलो आज. कलमां इकूची म्हणता. मी कायएक बोलूक नाय.’ तीन छोटी वाक्ये. मुलगा विकायचे म्हणतो आणि मी काही बोलले नाही. यात राग आहे, पण तो तिच्या वयाच्या बाईलाच कळेल असा.

नातू म्हणतो: ‘आजी, चल ना तू. तिकडे लिफ्ट आहे, तुला जिना चढायला नको.’ तो प्रमाण मराठीतच बोलेल. चाकरमान्यांच्या घरात आई-बाप एकमेकांशी मालवणी बोलतात आणि पोरांशी प्रमाण मराठी. त्यामुळे पोरांना सगळे समजते, पण ती उत्तर मालवणीत देत नाहीत. अशा पोराच्या तोंडी वाक्यागणिक इंग्रजी घालणे हीही एक नक्कलच आहे, खेडुताच्या ‘नाय’सारखी. म्हातारी त्याला उत्तर देते: ‘लिफ्टीत बसान मी खंय जातलंय रे?’ इथे ‘खंय’ आपल्या खऱ्या अर्थाने आला. लिफ्टीत बसून मी जाणार कुठे? तिला सगळे कळलेले आहे.

मग तलाठ्याशी बोलताना ती म्हणते: ‘साहेब, सातबाऱ्यावर माझा नाव आहे ना?’ हे वाक्य मी पुष्कळ वेळ घासून पाहिले. तिने ‘आसा’ सोडून ‘आहे’ घेतले. ‘सातबाऱ्यार’ म्हणण्याऐवजी ‘सातबाऱ्यावर’ म्हटले. सरकारी माणसासमोर आपली वरची भाषा काढायची हे तिला येते. शाळा, कीर्तन, एसटी स्टँड, रेडिओ, बँक, सगळीकडून ती भाषा तिच्या कानावर पडली आहे. पण ‘माझं नाव’ झाले नाही, ‘माझा नाव’च राहिले. माणूस वर सरकतो तेव्हा शब्द आधी बदलतात, क्रियापद बदलते, आणि लिंगाचे प्रत्यय सर्वांत शेवटी, बहुधा कधीच नाही. प्रमाण मराठीचा वाचक ‘माझा नाव’ वाचून ‘हिला व्याकरण येत नाही’ असे म्हणेल. तिच्या व्याकरणात ते चोख नपुंसकलिंग आहे. म्हणून अशा वाक्याच्या आधी दोन-चार ठिकाणी ‘घर बांधला’, ‘पाणी इला’ अशी रूपे वाचकाच्या कानावर घालून ठेवावी लागतात. तशी तयारी केली की ‘माझा नाव’ चूक वाटत नाही, त्यात ती बाई दिसते.

आता मुलगा. तो या प्रसंगातला लिहायला सर्वांत अवघड माणूस आहे, कारण तो दोन्हीकडचा आहे. सकाळी अंगणात तो म्हणाला असेल: ‘आये, माझा आयकशीत काय जरा?’ दुपारी तलाठ्यासमोर तोच म्हणतो: ‘आई, तू बस ना जरा. मी बोलतो साहेबांशी.’ ‘आये’ची ‘आई’ झाली. त्या एका शब्दात मुलाने ओसरीवरची बाजू बदलली, आणि म्हातारीला ते ऐकू आले. इथे लेखकाने काही समजावून सांगू नये. पुढे ती म्हणते: ‘तुका इकूची तर इक. मी हयसून हलूचंय नाय.’ तलाठ्यासमोर, पण मालवणीत, आणि मघाशी काढलेली वरची भाषा बाजूला ठेवून. ‘माका हलूचा नाय’ असे ती म्हणाली असती तर मुलाला अजून आशा होती.

या दुरुस्त प्रसंगात आवाज चढलेला नाही, शिवी नाही, म्हण नाही, आणि मालवणी शब्द पहिल्या मसुद्यापेक्षा कमी आहेत. शब्द किती आहेत यापेक्षा कोणापुढे कोणता शब्द बदलला याची नोंद जास्त बोलते. ‘आये’ या शब्दाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘आवस’ आणि ‘बापूस’ हे शब्द आईबापांविषयी बोलताना वापरायचे, हाक मारताना नाही. ‘तुझी आवस खंय गेली?’ हे बरोबर. पण ‘गे आवस, जेवण वाढ’ असे लिहिलेले वाचले की लेखकाने शब्द कोशातून घेतला, घरातून नाही, हे कळते.

म्हातारी दोन भाषांत ये-जा करते हे काहींना मी ओढूनताणून सांगतो असे वाटेल. त्यांनी दशावतार पाहावा. दशावताराला लिखित संहिता नसते. संवाद नट जागच्या जागी रचतात. राजा, ऋषी, देव भारदस्त पुस्तकी मराठी बोलतात आणि हलकीफुलकी पात्रे मालवणी. रात्रभर बसलेल्या गावकऱ्यांना दोन्ही भाषा समजतात आणि त्यांतली उंची-खोलीही समजते. दिवसा होडीवर किंवा शेतात राबणारा माणूस रात्री राजा होऊन अस्खलित संस्कृतप्रचुर बोलतो. देवळात गाऱ्हाणे घालताना तोच गावकरी मालवणीतच, पण लांबलचक, ठेक्यातली, एकात एक गुंतलेली वाक्ये बोलतो आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. जो लेखक खेडुताला चार शब्दांपलीकडे वाक्य रचू देत नाही, त्याने गाऱ्हाणे ऐकलेले नसते.

‘वस्त्रहरण’ याच जमिनीवर उभे आहे. गावातली मंडळी महाभारतातले नाटक करायला निघतात आणि पुराणातली भारदस्त भाषा बोलता बोलता मध्येच मालवणीत घसरतात. हशा त्या घसरण्याच्या क्षणी पिकतो. ‘खेडवळांना शुद्ध बोलता येत नाही’ असा त्या विनोदाचा अर्थ लावणारे तेव्हाही होते, आजही आहेत. माझ्या मते ते उलटे वाचतात. त्या माणसांना वरची भाषा उत्तम येते, ती त्यांनी जिद्दीने पाठ केलेली आहे. पण नाटकाबाहेरचे भांडण, मानपान, उधारी इतकी जवळची आहे की ती पुराणाच्या भाषेत मावत नाही. मालवणी तिथे अज्ञान म्हणून येत नाही, खरे काम म्हणून येते. गवाणकर मूळचे माडबनचे, म्हणजे आमच्या खाडीपलीकडच्या राजापूर तालुक्यातले. त्यांनी प्रत्येक नटाला त्याच्या भूमिकेची एक भाषा आणि त्याच्या घरची एक भाषा दिली. पुढे ‘वस्त्रहरण’च्या यशावर जी मालवणी नाटके आणि प्रहसने निघाली त्यांतल्या अनेकांनी दुसरी भाषा तेवढी उचलली, पहिली टाकून दिली. मग घसरायला उंचीच उरली नाही. उरली शिवी, चढा आवाज आणि हेल. बोलीतल्या विनोदाला लोक कंटाळले असे म्हणतात. मला वाटते ते सपाट विनोदाला कंटाळले.

वृद्ध पात्रांविषयी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण तिथे लेखक बोलीवर वयाचाही मुलामा चढवतात. म्हातारा माणूस म्हणजे म्हणी, खोकला, ‘आमच्या वेळी’ आणि थरथरती टिंबे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’तला अंतू बर्वा आठवा. तो रत्नागिरीचा, मधल्या आळीतला ब्राह्मण, त्यामुळे त्याची बोली मालवणी नव्हेच. शब्दरूपे पाहिली तर बरीचशी प्रमाण मराठीच्या जवळची आहेत. तरी तो कोकणातला आहे आणि म्हातारा आहे याबद्दल शंका येत नाही. हे कशाने झाले? वाक्याच्या चालीने. सरळ उत्तर न देणे, कौतुक करायचे ते खवचटपणे करणे, दुःख सांगायचे ते तिसऱ्याच गोष्टीच्या आडून. म्हातारपण शब्दांच्या जुनेपणात नसते. ज्या गोष्टी समोरच्याला ठाऊकच आहेत असे धरून चालण्यात असते. आमची म्हातारी ‘जुन्या धक्क्याकडे’ म्हणेल, आणि तो धक्का कोणता हे सांगणार नाही. साल सांगणार नाही. ‘तुझ्या आत्येच्या लग्नाच्या आदल्या पावसात’ म्हणेल. लेखकाने नातवाकडून ‘कोणती आत्या?’ असे विचारून घेण्याचा मोह टाळावा. वाचक दोन पाने थांबू शकतो.

आता मर्यादा. ‘मालवणी’ हा एकच शब्द मी सोयीसाठी वापरला, पण विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. वाघोटणची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. कुडाळ-सावंतवाडीकडे जे कान घडले त्यांना आमची बोली थोडी वेगळी लागते, आणि आम्हाला वेंगुर्ल्याची कोंकणीच्या जवळ गेलेली वाटते. एकाच गावात गाबितांचे, कुळवाड्यांचे, मुसलमानांचे, ब्राह्मणांचे घर वेगळे बोलते. त्यामुळे पात्राचे गाव ठरवून भागत नाही. घर ठरवावे लागते, आणि घर ठरले की इतरांच्या सवयी त्यात घालता येत नाहीत. घाटग्यांचे कुडाळीचे पुस्तक समोर ठेवून विजयदुर्गची म्हातारी लिहिली तर ती कुडाळची माहेरवाशीण वाटेल. कथेत तसे असेल तर उत्तमच.

म्हणून मी लिहिणाऱ्यांना एकच चाचणी सुचवतो. संवाद लिहून झाले की बोलणाऱ्याची नावे खोडून टाकावीत आणि ते पान त्या गावातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. ‘भाषा बरोबर आहे का?’ असे विचारू नये. लोक भिडेखातर होय म्हणतात. ‘हा कोण कोणाक सांगता?’ असे विचारावे. ऐकणाऱ्याने ‘ही आवस झिलाक सांगता, पण कोणतरी भायलो बसलो हा’ असे म्हटले तर पान जमले. तो नुसता हसला तर पुन्हा लिहावे.

इतके करूनही एक अडचण उरते, ती छापखान्यातली. मालवणी संवाद मुद्रितशोधनाला गेले की ‘ता’चे ‘तो’ होते, ‘इलो’चे ‘इला’ होते, ‘माझा नाव’चे ‘माझं नाव’ होते, आणि ‘जातत’चे ‘जातात’. शोधणाऱ्याचा दोष नाही. त्याला ती चूकच दिसते. कित्येक जुन्या पुस्तकांत एकाच पात्राचे प्रत्यय पानागणिक बदलतात ते लेखकामुळे की मुद्रितशोधकामुळे हे आता हस्तलिखित हाती नसेल तर ठरवता येत नाही, आणि अशा पुस्तकांवरून त्या काळच्या बोलीचे अनुमान काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मी आता हस्तलिखिताच्या पहिल्या पानाला एक चिठ्ठी टाचून पाठवतो: अवतरणचिन्हांच्या आत पुल्लिंगाला ओ, नपुंसकलिंगाला आ, वर्तमानकाळात तो-ती-ता तिघांनाही ‘जाता’, अवतरणचिन्हांच्या बाहेर तुमचे नेहमीचे नियम. गेल्या वेळी ती चिठ्ठी जुळाऱ्याने लेखाचाच भाग समजून पहिल्या परिच्छेदाच्या वर छापली होती.